एक जीबीचे दोन हिशेब

[पडदा दुभागलेला. कॉपीच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी.]

डावीकडे एक व्हिडिओ फाइल आहे, एक जीबीची. उजवीकडे एक फोल्डर, तोही एक जीबीचाच. संगणक तोच, केबल तीच, सर्व्हरही तोच. गिगाबिट केबलमधून प्रत्यक्षात सेकंदाला साधारण 110 एमबी जातात. व्हिडिओ दहा सेकंदांत पोहोचला. फोल्डरची हिरवी रेघ मात्र तळाला टेकली आहे. सेकंदाला जेमतेम 1.2 एमबी.

[फोल्डर उघडतो. नकाशाचे चौकोन पडदाभर पसरत जातात.]

हा जगाचा नकाशा आहे. वेबवर आपण बोटाने सरकवतो तो नकाशा 256 बाय 256 पिक्सेलच्या चौकोनांचा बनलेला असतो. शून्य पातळीवर सगळं जग एकाच चौकोनात मावतं. पुढच्या पातळीवर चार चौकोन, मग सोळा, मग चौसष्ट. आठव्या पातळीपर्यंत पोहोचताना एकूण 87,381 चौकोन होतात आणि प्रत्येक चौकोन म्हणजे एक स्वतंत्र फाइल. सरासरी आकार 12 केबी.

एवढी चिमुकली फाइल या केबलमधून जायला मिलिसेकंदाचा दहावा भाग पुरतो. पण इथे दर फाइलमागे दहा मिलिसेकंद जात आहेत. बाकीचा वेळ कशात जातो?

[वायरशार्कचा पडदा. वर `smb2` हा फिल्टर. ओळी वर सरकताहेत.]

वायरशार्क केबलवरून जाणारा प्रत्येक संदेश दाखवतं, आणि `smb2` ही शेअर्ड फोल्डरसाठी संगणक आणि सर्व्हर वापरतात ती भाषा. या ओळी नीट पाहा. आधी `Create Request`: या नावाची फाइल तयार करायची आहे. उत्तर येईपर्यंत थांबायचं. मग `Write Request`, म्हणजे खरा मजकूर. पुन्हा उत्तराची वाट. मग `SetInfo Request`, फाइलची तारीख-वेळ लावण्यासाठी. शेवटी `Close Request`. अधूनमधून विचारपूस करणाऱ्या आणखी ओळी दिसतात. म्हणजे एका चौकोनासाठी पाच-सहा फेऱ्या, आणि आधीच्या फेरीचं उत्तर आल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. शेजारच्या व्हिडिओलाही हेच सोपस्कार करावे लागले, पण एकदाच.

सर्व्हरच्या आतलं काम कॅमेऱ्याला दिसत नाही. प्रत्येक नव्या नावाची डिस्कवर नोंद होते, परवानगी तपासली जाते, अँटीव्हायरस असेल तर तोही फाइल उघडून पाहतो. दहा मिलिसेकंद असे भरतात. 87,381 ने गुणलं की साडेचौदा मिनिटं.

[टास्क मॅनेजर. नेटवर्कचा आलेख जवळजवळ सपाट.]

हा आलेख पाहिल्याशिवाय कुणी नवी केबल किंवा महागडा स्विच घेऊ नये. लाइन जेमतेम एक टक्का भरली आहे. ती दसपट रुंद केली तरी फेऱ्या तेवढ्याच राहतील.

[लॅपटॉपवर `ping`. उत्तर 30 मिलिसेकंद.]

आता हाच फोल्डर घरून, व्हीपीएनवरून पाठवू. इथे एका फेरीलाच 30 मिलिसेकंद लागतात. सहा फेऱ्यांचे 180. सगळ्या चौकोनांचे मिळून चार तासांहून जास्त. रात्रीचे बॅकअप सकाळपर्यंत अर्धवट राहतात ते असेच.

[काळी खिडकी. आज्ञा टाइप होते.]

```
tar -cf - tiles | ssh user@server "tar -xf - -C /srv/maps"
```

टार हे युनिक्सच्या चुंबकीय टेपच्या काळातलं साधन. ते सगळ्या फाइल्स एकामागे एक जोडून सलग प्रवाह करतं, आणि `ssh` सर्व्हरवर लॉगिन करून तो तिथे पोहोचवतं. केबलला आता एकच लांब फाइल दिसते आणि वाटेतल्या फेऱ्या संपतात. पलीकडे 87,381 फाइल्स तयार कराव्या लागतातच, पण त्या सर्व्हर स्वतःच्या डिस्कवर स्वतः करतो.

यात कॉम्प्रेशन कुठेच नाही, हे मुद्दाम दाखवतो आहोत. पीएनजी चौकोन आधीच आवळलेले असतात, झिप करून आकार फारसा घटत नाही. फायदा होतो तो फाइल्सची संख्या घटल्याने. म्हणूनच झिप सर्व्हरवर टाकून ती आपल्या संगणकावरून शेअर्ड फोल्डरमध्ये उघडली, तर सगळं मुसळ केरात. उघडलेली प्रत्येक फाइल पुन्हा त्याच केबलने, त्याच फेऱ्या मारत जाते. झिप उघडायची ती सर्व्हरवर लॉगिन करून.

[दुसरी आज्ञा.]

```
robocopy D:\tiles \\server\maps\tiles /E /MT:32
```

सर्व्हरवर लॉगिन मिळत नसेल, तर विंडोजमधल्या रोबोकॉपीचा हा मार्ग आहे. यात फेऱ्या कमी होत नाहीत. पण बत्तीस फाइल्सची वाट एकाच वेळी पाहिली जाते. वेळ बत्तीसपट वाचेल असं मात्र नाही, कारण एका मर्यादेनंतर सर्व्हरची डिस्कच दमते.

[शेवटचं दृश्य: फोल्डरच्या जागी एकच फाइल, `world.mbtiles`.]

नकाशावाल्यांनी हा प्रश्न मुळातच सोडवला आहे. एमबीटाइल्स या प्रकारात सगळे चौकोन एकाच एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये राहतात. ही एक फाइल व्हिडिओसारखीच दहा-अकरा सेकंदांत जाते. अडचण एकच: दोन चौकोन बदलले तरी साधी कॉपी पूर्ण जीबी पुन्हा पाठवते. रोज थोडे थोडे चौकोन बदलणार असतील, तर फोल्डरच ठेवावा आणि फक्त बदललेल्या फाइल्स पाठवणारं आरसिंक वापरावं.