सिनेमाची स्टोरी सांगताना मध्येच 'होता-होती' कुठून येतं?

हाय, आज एकच विषय घेऊया, आणि तो रिव्ह्यू किंवा पुस्तक परिचय लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या कामाचा आहे. आपण स्टोरी सांगायला सुरुवात मस्त वर्तमानकाळात करतो, हिरो येतो, भेटतो, भांडतो, आणि चार वाक्यांनी बघावं तर हिरो गेला, भेटला, भांडला असं झालेलं असतं, आणि लिहिणाऱ्याला पत्ताच नसतो.

आधी वर्तमानकाळच का, ते पटकन सांगते. सिनेमा तुम्ही काल बघितला हे खरं, पण त्यातली गोष्ट काल घडून संपलेली नाहीये, उद्या कोणी प्ले केला तर ती पुन्हा तशीच घडणार. म्हणून बघणं भूतकाळात आणि गोष्ट वर्तमानकाळात. आता यावर हमखास प्रश्न येतो, की कादंबरीच भूतकाळात लिहिलेली असेल तर? 'श्यामची आई' घ्या. त्यात मोठा झालेला श्याम रोज रात्री आपल्या मित्रांना लहानपणच्या आठवणी सांगतो, म्हणजे आठवणी सगळ्या भूतकाळातच येणार. तरी सारांश लिहिताना आपण 'श्याम आईला लुगडं पसरायला सांगतो, म्हणजे ओल्या पायांना माती लागणार नाही' असंच लिहितो. लेखकाने कुठला काळ वापरलाय ते त्याच्यापाशी. पण 'साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिलं' हे वाक्य मात्र भूतकाळातच राहणार, कारण ते पुस्तकाच्या आत घडत नाही, आपल्या जगात घडलंय.

बरं, आता खरी गंमत. स्क्रीनवर एक परिच्छेद देतेय, स्टोरी मीच बनवलीये.

(स्क्रीनवर)
माधव घड्याळं दुरुस्त करतो. एक दिवस एक बाई त्याच्याकडे जुनं घड्याळ घेऊन येते. घड्याळ उघडल्यावर त्याला आत एक चिठ्ठी सापडते. ती चिठ्ठी त्याच्या वडिलांनी लिहिली होती. वडील वीस वर्षांपूर्वी घर सोडून गेले होते आणि आईने ही गोष्ट सगळ्यांपासून लपवली. माधव त्या बाईला शोधायला निघाला. ती एका आश्रमात राहत होती.

वाचताना कुठे खटकलं? बऱ्याच जणांना 'निघाला'पाशी खटकतं, पण गाडी रुळावरून त्याच्या बरीच आधी, चिठ्ठीपाशीच घसरायला लागलीये. म्हणजे बघा, चिठ्ठी सापडते ती आत्ता, पण लिहिली गेली ती आधी, मग ते 'आधी' दाखवायला आपल्या तोंडात आपोआप 'लिहिली होती' येतं. यात चूक अशी काही नाही, पण ते 'होती' एकदा आलं की त्याच्यामागून 'गेले होते' येतं, मग नुसतं 'लपवली' येतं, आणि एव्हाना कान भूतकाळाला इतका सरावतो की माधव आत्ता उठून निघतोय, वीस वर्षांपूर्वी नाही, हेच विसरायला होतं. शेवटच्या वाक्यात तर अजून गोंधळ, ती बाई आश्रमात राहत होती म्हणजे आता राहत नाही का? वाचणाऱ्याला वाटणार पूर्वी राहत होती, आता कुठे गेली कोण जाणे.

यावर मराठीत एक फार सोयीची गोष्ट आहे आणि ती आपण बोलताना रोज वापरतो, लिहितानाच का विसरतो कळत नाही. ती म्हणजे 'लेला असतो'. चिठ्ठी वडिलांनी लिहिलेली असते. वडील वीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेले असतात. आईने ही गोष्ट सगळ्यांपासून लपवलेली असते. घटना आधीची आहे हे कळलं, आणि वाक्याच्या शेवटी 'असते' आल्यामुळे कान वर्तमानकाळातच राहिला, त्यामुळे पुढे 'माधव त्या बाईला शोधायला निघतो, ती एका आश्रमात राहत असते' हे सहज येतं, जोर लावावा लागत नाही.

सगळीकडे 'लेला असतो' लावलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही, ओळीने चार वाक्यं तशी आली की कंटाळा येतो. मागची हकीकत लांब असेल तर एक-दोन वाक्यं सरळ 'होता'ने लिहा, चालतं. फक्त गोष्टीत परत येणारं पहिलं वाक्य नीट तपासा, कारण घसरायचं ठिकाण नेहमी तेच असतं. आणि सिनेमात फ्लॅशबॅक प्रत्यक्ष पडद्यावर दाखवला असेल तर 'फ्लॅशबॅकमध्ये दिसतं की' असं म्हणून तिथेही साधा वर्तमानकाळ वापरता येतो.

मर्डर मिस्ट्रीत हे जास्तच जपायला लागतं. 'भाऊ खून करतो' म्हटलं की प्रेक्षकाला खून समोर दिसतोय. 'भावाने खून केलेला असतो' म्हटलं की ते नंतर उघड होतं. आणि वर्तमानकाळाच्या मधोमध 'भावाने खून केला' लिहिलंत, तर वाचणाऱ्याला कळतच नाही की हे त्याला सुरुवातीपासून माहितीये की शेवटी कळणार आहे. अशा स्टोरीत सस्पेन्स त्या क्रमावरच उभा असतो, त्यामुळे काळ घसरला की स्टोरीच बदलते.

तपासायचं कसं, तर सारांश लिहून झाला की फक्त वाक्यांच्या शेवटची क्रियापदं वाचत जा, बाकी काही नको. करतो, येते, सापडते, लिहिली होती, गेले होते, लपवली, निघाला, राहत होती. असं ओळीने वाचलं की घसरगुंडी डोळ्यांना दिसते. ला-ली-लं आणि होता-होती दिसलं की थांबा आणि विचारा, हे गोष्टीतल्या 'आत्ता'च्या आधीचं आहे का? नसेल तर बदला.

पण एक सांभाळा, ला-ली दिसलं की सरसकट कापत सुटू नका. 'माधव दारात उभा राहिलेला आहे' हे वर्तमानच आहे. आणि पात्राच्या तोंडचं वाक्य तर अजिबात बदलायचं नाही. 'बाई सांगते की मी हे घड्याळ बाजारातून विकत घेतलं', इथे 'सांगते' वर्तमान आणि 'घेतलं' भूतकाळ, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण 'की'च्या पुढे बाईचं बोलणं आहे, तुमचं नाही. ते 'घेते' केलंत तर बाई रोज बाजारात घड्याळ घेते असं होईल.

आता कोणी म्हणेल, आख्खी स्टोरीच भूतकाळात सांगितली तर काय बिघडलं, 'एक होता राजा' असंच तर सांगतात. काही बिघडत नाही, तेही चालतं, मग शेवटपर्यंत 'होता' ठेवा. फक्त ते गोष्ट सांगितल्यासारखं वाटतं, रिव्ह्यूसारखं कमी, त्यामुळे मी स्वतः परीक्षणात तसं करत नाही.

आणि जे माझ्यासारखं कॅमेऱ्यासमोर बोलतात त्यांच्यासाठी, आपल्याला सगळ्यात जास्त दगा देतो तो 'म्हणाला'. गप्पांमध्ये आपण सतत 'मग तो म्हणाला, मग ती म्हणाली' करत असतो ना, ते रेकॉर्डिंगमध्ये सहज घुसतं आणि त्याच्यामागून पुढची चार वाक्यं जातात. स्क्रिप्टमध्ये संवाद असतील तिथे 'म्हणतो', 'म्हणते' आधीच लिहून ठेवा, ऐनवेळी तोंडात येईल त्यावर सोडू नका.