रोडग्याचा नवस आणि भारुडाची मेख

श्रोतेहो, नमस्कार. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगावच्या गावांतून सप्ताह बसला की रात्री भारुडाची वाट सगळेच बघतात. आज एकच भारूड घेऊ, एकनाथ महाराजांचं. पैठणच्या नाथांनी 1599 मध्ये देह ठेवला, पण त्यांचं हे भारूड अजून लोकांच्या तोंडात आहे. ‘सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला.’

रोडगा म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाचा गोळा, गोवऱ्यांच्या आरात भाजलेला. देवीला द्यायचं ते एवढंच. आता मागणं ऐका. सासरा गावी गेलाय, तिकडेच त्याला खपव. सासू जाच करते, तिला निर्दाळ. जाऊ फडाफडा बोलते, तिला बोडकी कर. नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. मग दादल्याचीच आहुती देऊन ‘मोकळी कर गे मला’, आणि शेवटी ‘एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला.’ एका रोडग्यात अख्खं घर साफ! पाठांतरात शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण हा क्रम बहुतेक ठिकाणी असाच ऐकू येतो. या भारुडाची सगळी करामत त्या क्रमातच आहे.

बघा, आधी तीन मागण्या जड आहेत. दोन मरणं, आणि तिसरीत जावेचं वैधव्य, म्हणजे दिराचंही मरण आलंच. त्यानंतर अचानक लेकराला खरूज! इतक्या मोठ्या शापांनंतर हा एवढासा शाप आला की मंडप हसून लोळतो. लोक असे बेसावध असतानाच नाथ दादल्याचं कडवं पुढे ठेवतात. काही सोंगाडी हशा जास्त मिळतो म्हणून खरजेचं कडवं मागे नेतात आणि त्यावरच भारूड आटपतात. तिथे भारुडाचा कणाच मोडतो, कारण हसवून झाल्यावर जे दाखवायचं होतं ते राहूनच जातं.

दुसरी गोष्ट ध्रुवपदाची. प्रत्येक कडव्यामागे टाळकरी आणि समोरचे लोक मिळून ‘रोडगा वाहीन तुला’ म्हणतात. म्हणजे लाच द्यायचं वाक्य प्रत्येक जण आपल्याच तोंडाने पुन्हा पुन्हा बोलतो. आपल्या सौंदत्तीच्या डोंगरावर नवस बोलून आलेली माणसंही त्यात असतात. त्यामुळे ध्रुवपद मंडळींकडूनच यायला हवं. मुख्य गायकाने एकट्यानेच ओढलं तर टीका त्या बाईपुरती उरते आणि ऐकणारा सुटतो.

आता दुसरा अर्थ. अर्थ सांगणारे सासर म्हणजे संसाराचा फास धरतात आणि सासरा, सासू, जाऊ यांच्या जागी अहंकार, वासना असे विकार बसवतात. कुठल्या नात्याला कुठला विकार, ही यादी प्रत्येक निरूपणकाराची थोडी वेगळी असते, त्यावर भांडू नये. खरी किल्ली दोन शब्दांत आहे. ‘मोकळी कर’ म्हणजे नवऱ्याच्या तावडीतून सुटका, आणि मुक्तीसुद्धा. ‘एकटीच’ म्हणजे घरात कुणी नको, आणि दुसरेपण उरलंच नाही अशी अवस्थासुद्धा. वरच्या अर्थाने हे मागणं स्वार्थाचा कळस आहे, आतल्या अर्थाने ते साधकाचं मागणं आहे. शब्द तेच, म्हणून ढोंगी माणसालाही ते म्हणता येतात आणि खऱ्यालाही.

म्हणून निरूपण शेवटच्या कडव्याच्या आधी करू नका. आधीच ‘सासरा म्हणजे अहंकार’ सांगितलंत तर कोडं फुटतं आणि उरलेली कडवी प्रवचन होऊन बसतात. नऊवारी नेसून आलेल्या सोंगाड्याने दादल्याच्या कडव्याला तोंड वेडंवाकडं करू नये. ते साधं, खऱ्या मागण्यासारखं म्हणावं. बाईच्या चालण्याबोलण्याचीच नक्कल वाढली तर लोक बायकांना हसतात, नवसाला हसत नाहीत. लोक कशाला हसतायत यावर कान ठेवा. लुगडं सावरण्यावर हशा आणि ‘रोडगा’ शब्दावर शांतता असेल तर सोंग भारुडाच्या वर चढलंय.

आपल्या सीमाभागात समोर कन्नड बोलणारेही बसलेले असतात. कडवी मराठीच ठेवा, पण मधल्या गद्यात सासऱ्याला ‘मावा’, सासूला ‘अत्ती’ म्हटलं की त्यांनाही नाती लगेच कळतात. त्यांच्याकडे संतकवी शिशुनाळ शरीफसाहेबांचं ‘कोडगन कोळी नुंगित्ता’ आहेच. माकडाला कोंबड्याने गिळलं, हत्तीला शेळीने गिळलं, असं अशक्य एकावर एक रचत जाऊन शेवटी गुरू गोविंदांच्या पायांनी मलाच गिळलं, असं ते पद म्हणतं. तिथेही शेवटची ओळ सांगणाऱ्यावरच उलटते. एकाच रात्री दोन्ही म्हणायची असली तर भारूड आधी घ्या. घरातल्या नात्यांचं कोडं सोडवलेल्या श्रोत्यांना माकड-कोंबड्याचं कोडं मग परकं वाटत नाही. नमस्कार.