ताळेबंदाची उजवी बाजू

(कोथरूड परिसरातील गृहनिर्माण सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आजच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘वार्षिक अहवाल: हिशेब, दुरुस्ती आणि पुढील योजना’ असा तीन अंगांचा विषय छापला आहे आणि मला पन्नास मिनिटे दिली आहेत. तिन्ही अंगांना न्याय देण्याचा माझा प्रयत्न राहील. मात्र नऊ वर्षे मानद सचिव राहिलेल्या माणसाला हिशेबावर बोलायला लावले की तो वेळेवर थांबत नाही, हे आयोजकांनी आधीच गृहीत धरायला हवे होते.

आपल्याकडे अहवाल कसा तयार होतो, हे आपण सारेच जाणतो. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यायची असल्यामुळे ऑगस्टच्या अखेरीस सचिवाला जाग येते, मागील वर्षाची फाइल उघडली जाते आणि तारखा बदलल्या जातात. आमच्या एका अहवालात तर ती तसदीही कोणी घेतली नव्हती. एका वर्षी पंपाची मोटार जळाल्याचा उल्लेख सलग तिसऱ्यांदा छापून आला, तेव्हा एका सभासदाने विचारले की आपण मोटार दुरुस्त करतो की जाळतो.

त्याच वर्षीच्या सभेची हकिकत मला सविस्तर सांगायची आहे, कारण माझा आजचा सगळा मुद्दा तिच्यात आहे. आमची छत्तीस सदनिकांची इमारत 1998 साली पूर्ण झालेली. गच्ची गळत होती आणि जुना कोबा काढून नवे वॉटरप्रूफिंग करण्याचे 11,40,000 रुपयांचे अंदाजपत्रक आले होते. गणपूर्तीअभावी सभा रिवाजाप्रमाणे अर्ध्या तासाने सुरू झाली. खजिनदारांनी ताळेबंद हातात घेऊन सांगितले की सिंकिंग फंडात 9,60,000 आणि दुरुस्ती निधीत 3,40,000, म्हणजे एकूण तेरा लाख आहेत, तेव्हा वर्गणीची गरज नाही. सभेने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू, ज्या सहसा चहा येईपर्यंत बोलत नाहीत, उठून म्हणाल्या, “भाऊ, तेरा लाख लिहिलेत ते कळलं. पण ते ठेवलेत कुठे? एफडीच्या पावत्या आणा पाहू.”

पावत्या आल्या. त्या आठ लाखांच्या होत्या.

येथे कोणी एक रुपयाही खाल्लेला नव्हता, हे आधीच सांगतो, कारण सभेत पहिला सूर तोच निघाला. ताळेबंदाच्या डाव्या बाजूला निधी लिहिलेला असतो. सोसायटीने सभासदांकडून कोणत्या नावाने किती रक्कम आकारली आणि ती कशासाठी राखून ठेवायची आहे, एवढेच त्यातून कळते. पैसा प्रत्यक्षात कोणत्या रूपात आहे, हे उजव्या बाजूला पाहावे लागते. किरकोळ रकमा सोडल्या तर आमच्या उजव्या बाजूला मुदत ठेवी 8,00,000, बचत खात्यात 1,10,000 आणि सभासदांकडील थकबाकी 3,90,000 होती. बेरीज तेरा लाखच भरते, म्हणून ताळेबंद जुळतो, लेखापरीक्षक सही करतात आणि गच्ची गळत राहते.

थकबाकीतला मोठा वाटा केवळ तीन सदनिकांचा होता. दरमहा बिलात सिंकिंग फंडाची रक्कम आकारली गेली की ती निधीत जमा दिसते, मग तो सभासद बिल भरो वा न भरो. शिवाय उपविधींनुसार थकबाकीवर वार्षिक 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येते आणि आम्ही ते इमानेइतबारे लावत होतो. तिघांच्या 2,30,000 रुपये मुद्दलावर वर्षाचे 48,300 रुपये व्याज आले आणि ते उत्पन्नात धरले गेले. त्या वर्षीच्या अहवालात “62,000 रुपयांचा वाढावा” असे अभिमानाने लिहिले होते. हे न मिळालेले व्याज वजा केले तर 13,700 रुपये उरतात. थकबाकी जितकी जुनी, तितका वाढावा मोठा, असा हा विनोद आहे.

म्हणून माझा आग्रह असा की अहवालात अर्ध्या पानाचे एक स्वतंत्र पत्रक असावे. प्रत्येक निधीची आरंभीची शिल्लक, वर्षातील आकारणी, त्यावरचे व्याज, खर्च आणि अखेरची शिल्लक एका ओळीत लिहावी आणि तिच्यासमोर त्याच निधीच्या नावाने असलेल्या मुदत ठेवींची रक्कम, बँक व मुदतपूर्तीची तारीख द्यावी. शेवटच्या रकान्यात फरक लिहावा. फरक असणे गुन्हा नाही; तो कोणाच्या थकबाकीमुळे वा कोणत्या चालू खर्चात पडला, हे एका वाक्यात सांगितले की सभासद समजून घेतात. आमच्या काकूंनी ते दहा मिनिटांत समजून घेतले. खजिनदारांना दोन वर्षे लागली.

(येथे श्रोत्यांतून, सिंकिंग फंड गच्चीसाठी वापरता येतो का, असा प्रश्न आला.)

येतो, पण खजिनदाराच्या मर्जीने नाही. उपविधींनुसार हा निधी पुनर्बांधणीसाठी, बळकटीकरणासाठी किंवा वास्तुविशारदाने प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्तीसाठी आहे आणि त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. बल्ब आणि पंप त्यातून भागवायचे नसतात. त्याचा किमान दर बांधकाम खर्चाच्या वार्षिक पाव टक्का, तर दुरुस्ती निधीचा पाऊण टक्का आहे. हा खर्च जमिनीची किंमत वगळून धरायचा असतो. 1998 च्या खर्चावरचा पाव टक्का आजच्या कामाला पुरत नाही, हे वेगळे सांगायला नको.

आयोजक घड्याळ दाखवत आहेत, तेव्हा दुरुस्ती आणि योजना आता घाईने घेतो. दुरुस्तीच्या परिच्छेदात “गच्चीची दुरुस्ती समाधानकारकरीत्या पार पडली” हे वाक्य कृपया लिहू नका. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी हेच लिहिले होते. प्रत्यक्षात 85,000 रुपयांत फक्त कठड्याच्या बाजूचे सांधे भरले होते, आणि संपूर्ण गच्ची झाल्याच्या समजुतीत सभासद नव्या अंदाजपत्रकावर चिडले. कोणत्या भागाचे काम झाले, मंजूर रक्कम किती होती, बिल किती झाले, हमी कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि कोणता भाग राहिला, हे लिहावे. इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करायची असते. मागची केव्हा झाली आणि पुढची केव्हा, हेही येथेच नमूद करावे.

योजनांचे म्हणाल तर पुण्यात गच्चीचे काम पावसाळ्याआधीच उरकावे लागते. सभा सप्टेंबरमध्ये होते. तिने केवळ “दरपत्रके मागवावीत” असा ठराव केला तर दरपत्रके दिवाळीनंतर येतात, त्यासाठी विशेष सभा घ्यावी लागते आणि बघता बघता जून उजाडतो. म्हणून दरपत्रके जुलैतच मागवून ती आणि पैशाची सोय अहवालात एकत्र मांडावी. आम्ही शेवटी तसेच केले. ठेवींचे आठ लाख वजा जाता 3,40,000 रुपये कमी पडत होते, म्हणजे सदनिकेमागे सुमारे 9,450 रुपये. ते चार हप्त्यांत मागितले. बचत खात्याला हात लावला नाही, कारण वीजबिल आणि सुरक्षारक्षकांचे पगार त्यातूनच जातात. काम फेब्रुवारीत सुरू झाले. रंगकाम, लिफ्ट, सौरऊर्जा हे सगळे याच पद्धतीने मांडता येते. पुनर्विकासाबद्दल मी काही बोलत नाही, कारण त्याला पन्नास मिनिटे नव्हे, पन्नास सभा लागतात.

लेखापरीक्षकांचे आक्षेप आणि दोषदुरुस्ती अहवाल हा भाग राहिलाच. पत्रकाच्या नमुन्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. त्यातल्या तारखा तेवढ्या बदलून घ्या.