‘संबंधितांनी’ म्हणजे नेमकं कोणी?

(कनिष्ठ महाविद्यालयांतील लिपिक आणि वर्गशिक्षकांच्या कार्यशाळेतलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, प्राचार्यांच्या परिपत्रकाच्या परिच्छेदातून मुद्देसूद सूचना कशी करायची, ते आज पाहू. डिसेंबरात बारावीची प्री-लिस्ट येते. विद्यार्थ्याचं नाव, आईचं नाव, विषय, माध्यम हे सगळं बोर्डाकडे कसं नोंदलं गेलंय, ते या यादीत दिसतं. चूक सापडायची ती इथेच सापडली पाहिजे. अशा वेळी प्राचार्यांचं परिपत्रक साधारण असं असतं:

“सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, इ. बारावीची प्री-लिस्ट प्राप्त झाली असून विद्यार्थ्यांनी आपले नाव, विषय इत्यादी तपशील तपासून स्वाक्षरी करावी. दुरुस्ती असल्यास आवश्यक कागदपत्रांसह कार्यालयात संपर्क साधावा. वर्गशिक्षकांनी याद्या शनिवारपर्यंत जमा कराव्यात. गैरहजर विद्यार्थ्यांना संबंधितांनी कळवावे.”

यात व्याकरणाची एकही चूक नाही. पण मी नोकरीत असताना असंच परिपत्रक वर्गावर वाचलं गेलं आणि एक मुलगी शनिवारी बारा वाजता कार्यालयात आली. तिच्या आईचं नाव चुकलं होतं. वर्गाची यादी सकाळीच पुढे गेली होती. ती म्हणाली, “सर, शनिवारपर्यंत मुदत होती ना?” तिचं खरं होतं. परिपत्रकात तारीख एकच होती, ती शिक्षकांसाठी होती, आणि ऐकणाऱ्या मुलांनी ती आपली समजली. त्या मुलीला नंतर दुरुस्तीसाठी बरेच हेलपाटे घालावे लागले. ते मला अजून सलतं.

तेव्हा मुद्दे पाडायला बसण्याआधी पेन्सिल घ्या आणि ‘करावी’, ‘साधावा’, ‘कराव्यात’, ‘कळवावे’ अशा प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. वरच्या परिच्छेदात चार रेघा येतात. प्रत्येक रेघेवर तीन गोष्टी लिहा: कोणी, कुठे, कधीपर्यंत. जिथे उत्तर सापडत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका. ‘स्वाक्षरी करावी’ला तारीख नाही. ‘इत्यादी’त काय काय येतं? ‘आवश्यक कागदपत्रं’ कोणती? ‘संबंधितांनी’ म्हणजे वर्गशिक्षकांनी की कार्यालयानं?

ही उत्तरं आपल्या मनानं भरू नका, हे मी हात जोडून सांगतो. परिपत्रकाखाली सही प्राचार्यांची आहे. प्रश्नचिन्हांचा कागद घेऊन केबिनमध्ये जा. पाच मिनिटांचं काम असतं, आणि सरांनाही बहुतेक वेळा तिथेच कळतं की मुलांची मुदत सांगायची राहिलीय.

‘संबंधितांनी’ म्हणजे वर्गशिक्षकांनी, असं सरांकडून कळल्यावर रेघांवरचं ‘कोणी’ पाहिलंत की आणखी एक गोष्ट दिसते: दोन रेघा विद्यार्थ्यांच्या आहेत, दोन शिक्षकांच्या. म्हणजे ही सूचना एक नाही, दोन आहेत. नुसते एक ते चार आकडे घातले तर तोच गोंधळ आकडे लावून उभा राहील. विद्यार्थ्यांची सूचना अशी होईल:

विषय: बारावीची प्री-लिस्ट तपासून गुरुवारपर्यंत सही करणे
कोणासाठी: इ. बारावी, सर्व शाखांचे विद्यार्थी
काय करायचे:
1. वर्गशिक्षकांकडील यादीत आपले नाव, आईचे नाव, जन्मतारीख, विषय व माध्यम तपासा.
2. सर्व बरोबर असेल तर आपल्या नावासमोर सही करा.
3. चूक असेल तर सही करू नका. दहावीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स घेऊन कार्यालयात खिडकी क्र. 2 वर या.
मुदत: गुरुवार, 11 डिसेंबर, दुपारी 2

विषयाची ओळ पाहा. आपल्याला ‘प्री-लिस्टबाबत’ लिहायची सवय आहे. ‘बाबत’ लिहिलं की काय करायचं ते विषयात येतच नाही. ‘सही करणे’ म्हटलं की फलकासमोरून जाणाऱ्यालाही काम कळतं. तिसऱ्या मुद्द्यातलं ‘सही करू नका’ मूळ परिच्छेदात नव्हतं. चुकीच्या नावासमोर सही करून मग कार्यालयात येणारी मुलं असतात, म्हणून ते सरांना विचारून घातलं.

शिक्षकांची सूचना वेगळी, सूचना वहीत: गैरहजर मुलांना बुधवारी फोन करणे, आणि पूर्ण यादी शनिवारी 13 तारखेला सकाळी 10 पर्यंत कार्यालयात देणे. शुक्रवार दुरुस्तीसाठी मोकळा ठेवला आहे.

सगळंच मात्र मुद्द्यांत कापू नका. मंडळाच्या परिपत्रकातला एखादा नियम द्यायचा असेल तर त्याचा क्रमांक, दिनांक आणि मूळ वाक्य जसंच्या तसं खाली द्या. सोपं करण्याच्या नादात ‘किंवा’चं ‘आणि’ झालं तर अर्थच फिरतो. शोकसभेची सूचनाही परिच्छेदातच राहू द्या.

आणि सूचना जमली की नाही, ते वर्गावर कळतं. सूचना मुलं वाचण्याआधी ऐकतात. शिपाईमामा वही घेऊन येतात, शिक्षक तास थांबवून वाचतात. वाचून झालं की शेवटच्या बाकावरच्या एकाला विचारा: तुला काय करायचंय, कुठे, कधीपर्यंत? तो अडखळला, तर ज्या शब्दावर अडखळला तो शब्द लिहून घ्या आणि वही पुढच्या वर्गात जाण्याआधी परत मागवा.