किटलीचं बदक होताना: आधी मधली फ्रेम काढा

(कार्यशाळेतलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

आधी दोन फोटो बघा. डावीकडे पत्र्याची किटली आहे: तोटी डाव्या बाजूला, मूठ उजव्या बाजूला, वर झाकण. उजवीकडे बसलेलं पांढरं बदक, तेही डावीकडेच तोंड करून. मला चार सेकंदांत या किटलीचं बदक करायचं होतं. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे एकूण ९६. आज या एकाच शॉटबद्दल बोलणार आहे, कारण मॉर्फमध्ये जे जे बिघडू शकतं ते जवळजवळ सगळं यात बिघडलं होतं.

मॉर्फ म्हणजे काय हे दोन वाक्यांत सांगतो. पहिलं चित्र दुसऱ्याच्या आकाराकडे ओढायचं, दुसरं चित्र पहिल्याच्या आकारापासून सुरू करून स्वतःच्या आकाराकडे परत आणायचं, आणि हे चालू असताना एकातून दुसऱ्यात डिझॉल्व्ह करायचं, म्हणजे पहिलं विरत जाईल तसं दुसरं उमटत जाईल. ओढणं म्हणजे वॉर्प. वॉर्प न करता नुसतं डिझॉल्व्ह केलंत तर मध्यावर दोन तोट्या-माना, दोन कडा, सगळं एकमेकांवर धूसर दिसतं. आमच्याकडे त्याला सरळ ‘भूत’ म्हणतात.

वॉर्पला काय कुठे न्यायचं ते सांगावं लागतं. थॅडियस बायर आणि शॉन नीली यांनी १९९२ मध्ये जी पद्धत मांडली तिच्यात रेषांच्या जोड्या असतात. किटलीवर तोटीच्या बुडापासून टोकापर्यंत एक रेषा काढायची, बदकावर छातीपासून चोचीपर्यंत दुसरी, आणि सांगायचं की ही म्हणजे ती. प्रत्येक पिक्सेल मग जवळच्या रेषांचं जास्त ऐकतो, लांबच्यांचं कमी. रेषेला दिशा असते. एकीकडे बुडापासून टोकाकडे आणि दुसरीकडे टोकापासून बुडाकडे काढलीत तर तो भाग उलटापालटा होतो. ही चूक पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून होते. ती लगेच दिसते, म्हणून तिची फारशी भीती नाही.

भीती आहे ती न दिसणाऱ्या चुकीची: कशाचं काय होणार, हे चुकीचं ठरवण्याची.

मी काय केलं होतं सांगतो. झाकणावरची गोळी बघितली आणि वाटलं, हे तर बदकाचं डोकं! गोल आहे, वर आहे, बसतंय. मग तोटीचं काय? ती छातीत विरघळवू. रेषा काढल्या, रेंडर केलं, आणि बघणाऱ्याला काही कळेना. झाकणातून मान वर येतेय आणि त्याच वेळी तोटी आत जातेय. नजरेला दोन ठिकाणी काम लावलं, तिने एकही नीट केलं नाही. तांत्रिकदृष्ट्या शॉट गुळगुळीत होता, एकही धक्का नव्हता. गुळगुळीत असणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं, हे मला त्या रेंडरने शिकवलं.

तेव्हापासून मी सॉफ्टवेअर उघडण्याआधी मधली फ्रेम हाताने काढतो. अर्धी किटली, अर्धं बदक, पेन्सिलीने. मग ती आतून काळी भरतो, नुसती बाह्याकृती उरेल अशी, आणि ज्याला शॉट माहीत नाही अशा माणसाला दाखवतो. झाकणाचं डोकं केलं होतं त्याची मधली फ्रेम नंतर काढून पाहिली, तर तो होता दोन टेंगळं आलेला बटाटा. तोटीची मान केल्यावर तेच चित्र ‘मान ताणणारं काहीतरी’ दिसायला लागलं. काय आहे ते सांगता आलं नाही तरी चालेल, पण काय चाललंय ते सांगता आलं पाहिजे.

म्हणून नव्याने ठरवलं: तोटीची मान, तोटीच्या तोंडाची चोच, पोटाचं पोट, मुठीची शेपटी. झाकणाला काहीच व्हायचं नाही, ते चपटं होऊन पाठीत बसेल. आणि बदक बसलेलंच हवं. उभं असतं तर दोन पाय कुठून आणायचे? किटलीत त्यांना जोडीदार नाही. शून्यातून उगवणारा अवयव मॉर्फमध्ये नेहमी खटकतो, तेव्हा पोझच अशी निवडायची की तो लागूच नये. हे फोटो काढण्याआधी ठरतं, नंतर नाही. कॅमेऱ्याची उंची, लेन्स, प्रकाशाची दिशा हेही तेव्हाच जुळवायचं.

आता मूठ. हिच्यात दोन अडचणी होत्या आणि दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली भोकाची. मूठ आणि पोट यांच्यामध्ये एक भोक असतं, त्यातून मागची भिंत दिसते. बदकाला भोक नाही. वॉर्पने चित्र कितीही ताणा, भोक लहान होईल, चपटं होईल, पण नाहीसं होणार नाही. मग डिझॉल्व्हच्या वेळी ते भुतासारखं विरतं आणि बदकाच्या ढुंगणाशी भिंतीचा तुकडा चमकून जातो. उपाय साधा आहे: मूठ कापून तिचा वेगळा लेयर केला आणि तिच्या मागे झाकलेली किटलीची कड रंगवून पूर्ण केली. आता मूठ ही नुसती एक वाकडी पट्टी. तिचं खालचं टोक पोटापासून सुटतं, पट्टी वर फिरते, रुंद होते, शेपटी होते. भोक बुजवावं लागलंच नाही, ते उघडलं. आणि सुटणारं टोक बघायला छान वाटतं, कुणीतरी कमरेवरचा हात काढावा तसं.

दुसरी अडचण फिरण्याची. मुठीची रेषा वरच्या सांध्यापासून खाली जाते, जवळजवळ सरळ खाली. शेपटीची रेषा त्याच सांध्यापासून उजवीकडे, आडव्यापेक्षा तीसेक अंश वर. म्हणजे १२० अंशांचं वळण. सॉफ्टवेअर काय करतं? रेषेचं टोक सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ रेषेत नेतं. घड्याळाचा काटा सहावरून दोनवर न्यायचा आहे आणि तुम्ही त्याचं टोक तबकडीवरून न फिरवता सरळ कापत नेलंत, तर मधे काटा आखूड व्हायलाच हवा. किती? वळणाच्या निम्म्या कोनाच्या कोसाइनइतका. साठ अंशांचा कोसाइन ०.५, म्हणजे मध्यावर मूठ निम्मी! माझ्या रेंडरमध्ये मूठ आधी पोटात गिळली जायची आणि मग शेपटी म्हणून बाहेर यायची. तोटीला हा त्रास जाणवला नाही, कारण तिचं वळण पंचेचाळीस अंशांचं. तिथे मध्यावर फक्त आठ टक्के घट येते आणि मान लांब होत असल्याने ती कळतही नाही. जिथे सॉफ्टवेअर कोन आणि लांबी वेगवेगळी हलवू देतं तिथे तसं करा. नाहीतर मध्यावर आणखी एक कीफ्रेम टाका, म्हणजे रेषेची तिथली जागा स्वतः ठरवून द्या, आणि रेषा हाताने पूर्ण लांबीला ओढा. मी तेच केलं.

वेळेचं गणित आता. पहिल्या २४ फ्रेम किटली नुसती किटली आहे. हा सेकंद लोक कापतात, आणि मग प्रेक्षकाला आधी काय होतं तेच माहीत नसतं. २५ ते ७२ मॉर्फ. सगळं एकदम सुरू केलंत तर वितळणाऱ्या मेणासारखं दिसतं, म्हणून मान २५ ला निघते आणि ६० ला पोहोचते, शेपटी ३४ ते ६६, पोट सर्वांत शेवटी, ३८ ते ७२. नजर मानेमागोमाग जाते आणि बाकीचं तिच्या नकळत होतं.

डिझॉल्व्ह मात्र याच्यापेक्षा खूप छोटं. मानेचं ३८ ते ४८, पोटाचं ४८ ते ६०, म्हणजे ज्या त्या भागाच्या अर्ध्या वाटेच्या आसपास. छातीशी मऊ मास्क ठेवला की जोड दिसत नाही. कारण असं की बदकाचं चित्र पूर्ण किटलीच्या आकारात ओढलं तर पिसं रबरासारखी ताणलेली असतात, ती दाखवायचीच नाहीत. मध्यावर दोन्ही चित्रं अर्धी-अर्धीच ओढलेली असतात आणि दोघांच्या कडा एकमेकांवर बसतात, तेव्हा दहा-बारा फ्रेममध्ये अदलाबदल केली तर कुणाला कळत नाही.

इथे एक सापळा. दोन्ही कटआउट स्वच्छ भिंतीवर ठेवायची आहेत. एक पन्नास टक्के, दुसरं पन्नास टक्के, आणि नेहमीच्या सवयीने एक दुसऱ्यावर ‘ओव्हर’ केलं. वरच्याने निम्मं झाकलं, खालच्याने उरलेल्या निम्म्याचं निम्मं. एकूण पाऊण. म्हणजे मध्यावर पंचवीस टक्के भिंत बदकातून आरपार दिसते. चालू शॉटमध्ये हे नीट कळतही नाही, नुसतं वाटतं की वस्तू क्षणभर ‘हलकी’ झाली. मी बराच वेळ रंगात दोष शोधत होतो. तपासायचं असेल तर मागे भडक लाल रंग ठेवा, गुलाबी झाक आली की समजा. दोन्ही चित्रं आपापल्या प्रमाणात नुसती बेरीज करून आधी एक करायची, अल्फासकट, म्हणजे कुठे किती झाकलंय त्या माहितीसकट, आणि ती बेरीज मग भिंतीवर ओव्हर करायची. निम्मं अधिक निम्मं, पूर्ण.

किटलीच्या पोटावर प्रकाशाचा एक उभा पट्टा होता. पोट फुगताना तोही फुगला आणि पत्र्याचा टायर झाला. चकाकी वस्तूला चिकटलेली नसते, पण वॉर्पला ते माहीत नाही. पट्टा रंगवून काढला, वेगळ्या लेयरवर त्याच्या मूळ रुंदीत ठेवला आणि पोटाचं डिझॉल्व्ह सुरू होण्याआधीच विझवला. सावलीही वेगळी, पण तिच्यावर फार वेळ घालवू नका. ती मऊ असेल तर साध्या डिझॉल्व्हने भागतं, फक्त जमिनीला टेकणारी कड बरोबर हवी.

(प्रश्न: हेच थ्री-डीमध्ये सोपं नाही का?)

काही गोष्टी सोप्या आहेत. चकाकी आणि सावली आपोआप बरोबर येतात. पण एका आकारातून दुसऱ्यात सरळ ब्लेंड करायचं तर दोन्ही मॉडेलमध्ये बिंदू तितकेच आणि त्याच क्रमाने लागतात, म्हणजे किटलीच्याच जाळीतून बदक घडवावं लागतं. भोक तिथेही भोकच राहतं. बिंदूही सरळ रेषेतच जातात, त्यामुळे मूठ तिथेही आखडणार. आणि झाकणाचं डोकं केलंत तर तिथेही बटाटाच.

शेवटची दुरुस्ती एका सहकाऱ्याने सुचवली. माझं बदक ७२ व्या फ्रेमला तयार होऊन नुसतं बसून राहायचं, फोटोच होता तो. शॉट संपायच्या आधी चोवीस फ्रेम ते पेंढा भरलेलं दिसायचं. मग बदकाचं हलतं चित्रण घेतलं, आणि मान ६० ला पोहोचायच्या तीन फ्रेम आधीच तिचं वळणं सुरू होईल असं लावलं. पोट अजून थोडं किटलीचं आहे, आणि डोकं वळून कॅमेऱ्याकडे बघतंय.