झोपेची गोळी आणि सकाळचं डोकं

[दृश्य: बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत इनहेलर, पित्ताच्या गोळ्या आणि एक अर्धी संपलेली पट्टी.]

या पट्टीवरची लाल चौकट बघा. आत अल्प्राझोलाम आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय फार्मसीत मिळू नये आणि दिली तर वहीत नोंद व्हावी, असा या गोळीबाबतचा नियम आहे. पण घरातल्या घरात ती एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाते तेव्हा नोंद कोण ठेवणार? गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या या घरात सुनेला कधीतरी लिहून दिलेली पट्टी सासूबाईंकडे पोहोचली.

आजी कल्पित आहेत. त्यांच्या बाबतीत जे घडतं ते मात्र इस्पितळातल्या डॉक्टरांना नवं नाही.

[दृश्य: न्हाणीतली चूल, तिच्यावर भाण, धूर.]

आजींचं वय 68. विडी-सिगारेट कधी ओढली नाही. पण चाळीस वर्षं स्वयंपाकाची चूल आणि न्हाणीतली चूल, दोन्ही त्यांनीच फुंकल्या. चुडतं, सोडणं, पावसाळ्यात ओली लाकडं. त्या धुराने त्यांना सीओपीडी झाला, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या. घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. डॉक्टरांनी ते रात्री एक लिटरवर लावायला सांगितलंय.

रात्री दम लागतो, झोप मोडते. म्हणून पॉइंट टू फाइव्हची एक गोळी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात आजी खूश. पुढे तेवढ्याने भागेना, म्हणून गोळी पॉइंट फाइव्हची झाली. आणि मग सकाळी डोकं जड होऊ लागलं. कपाळभर दुखायचं, चहा घेऊन अंगणात फिरून आलं की नऊ-दहापर्यंत उतरायचं. घरात निदान तयारच होतं: पित्त! सोलकढी झाली, पित्ताची गोळी झाली, चष्म्याचा नंबर तपासून झाला. डोकं रोज सकाळी त्याच वेळी धरत होतं आणि त्याच वेळी सुटत होतं, याकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नाही.

[दृश्य: अ‍ॅनिमेशन. छातीचा पिंजरा, खाली श्वासपटल.]

रात्री काय होतं ते नीट समजून घेऊ. श्वास किती घ्यायचा हे मेंदूच्या देठातलं केंद्र ठरवतं, आणि ते मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडकडे बघून. तो थोडा वाढला की केंद्र श्वास वाढवायला सांगतं. झोपेत हे केंद्र जरा सैल पडतं, अगदी तुमचं-माझंही. निरोगी माणसाचा कार्बन डायऑक्साइडही झोपेत थोडा चढतो, पण त्याने काही बिघडत नाही.

आजींच्या फुप्फुसात हवा अडकून राहते. त्यामुळे एरवी घुमटासारखं असलेलं श्वासपटल चपटं झालंय आणि त्याचा जोर कमी पडतो. दिवसा मान, खांदे आणि बरगड्यांमधले स्नायू ती कसर भरून काढतात. दम लागलेला माणूस टेबलावर हात टेकून बसतो तो त्यासाठीच. पण ज्या झोपेत स्वप्नं पडतात, त्या झोपेत हे मदतीचे स्नायू ढिले होतात आणि सगळा भार एकट्या श्वासपटलावर येतो. ही झोप पहाटेकडे जास्त असते. म्हणजे आजींच्या श्वासाची सगळ्यात वाईट वेळ पहाटेचीच.

त्यात ही गोळी. ती श्वसनकेंद्राची कार्बन डायऑक्साइडला मिळणारी दाद कमी करते, घशाचे स्नायू आणखी सैल करते, आणि घुसमटल्यावर दचकून जाग येणं हा जो शेवटचा बचाव, तोही बोथट करते. घरच्यांना वाटतं, आई आज शांत झोपली.

कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात, कवटीत रक्ताचा ओघ वाढतो आणि डोकं ठणकतं. उठून बसलं, हिंडलं-फिरलं की श्वास सुधारतो, साठलेला वायू बाहेर पडतो आणि दुखणं ओसरतं. नऊ-दहाला चहाने नव्हे, श्वासाने उतार पडत होता.

हीच गोष्ट फेणीची. रात्री एक पेग आणि वर झोपेची गोळी, हे दोन्ही मिळून श्वास जास्तच दाबतात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकंही याच यादीतली.

[दृश्य: बोटाला लावलेला ऑक्सिमीटर.]

एका सकाळी आजी नीट जाग्या होईनात. हाक मारली की डोळे उघडायच्या, पुन्हा मिटायच्या. मुलाने ऑक्सिमीटर लावला. 90. त्याने घाबरून मशीन एकवरून तीन लिटरवर केलं. आकडा 97 झाला, सगळ्यांना हायसं वाटलं. आजींची झोप मात्र आणखी गाढ झाली.

ऑक्सिमीटर फक्त ऑक्सिजन मोजतो. कार्बन डायऑक्साइडचा त्याला पत्ताच नसतो. वर, अशा रुग्णाला ऑक्सिजन जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो. म्हणून अशा रुग्णांमध्ये 88 ते 92 एवढंच लक्ष्य ठेवतात. मुलाने बघितलेला 90 हा आकडा ठीकच होता. बिघाड दुसरीकडे होता.

108 आली. आजींना बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात नेलं. हात गरम होते, पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडल्यासारखे हलत होते. मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासलं. कार्बन डायऑक्साइड 64. एरवी तो 35 ते 45 असतो, आजींचा बरा असतानाचा 48. रक्ताचा पीएच 7.29, म्हणजे खाली 7.35 ची हद्द ओलांडून रक्त आम्लाकडे झुकलेलं.

ऑक्सिजन कमी केला आणि तोंडावर घट्ट मास्क लावून बायपॅप सुरू केलं. हे मशीन प्रत्येक श्वासाला दाब देऊन हवा आत ढकलतं, त्यामुळे अडकलेला वायू बाहेर पडायला लागतो. त्या वेळी डॉक्टरांनी सुनेला विचारलं, "झोपेचं काही देता काय त्यांना?" तेव्हा कुठे डब्यातल्या पट्टीचा विषय निघाला.

[दृश्य: वॉर्ड. आजी बसल्या आहेत, पेजेची वाटी हातात.]

आता एक सावधगिरी. हे ऐकून कोणी घरातली गोळी आजच बंद करू नका. महिनोन्‌महिने घेतलेली ही गोळी अचानक तोडली तर झटके येऊ शकतात. आजींची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी केली, काही आठवडे लावून. आणि प्रत्येक सीओपीडीच्या रुग्णाला सारखाच धोका असतो असंही नाही. ज्यांचा आजार पुढे गेलाय, ज्यांचा कार्बन डायऑक्साइड आधीच चढा आहे, जे घोरतात, ज्यांचं वजन फार आहे, त्यांना तो जास्त.

झोप का मोडते, हा मूळ प्रश्न मग कोणीतरी विचारला. थिओफिलिनची गोळी आजी रात्री नऊला घेत होत्या, आणि ती झोप उडवते. दम वाढला की मिळणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्याही त्या संध्याकाळी घेत होत्या. खरं तर या गोळ्या सकाळी न्याहारीनंतर घ्यायच्या असतात. इनहेलर तोंडात नीट दाबला जात नव्हता, म्हणून त्याला स्पेसर जोडून दिला. वेळा बदलल्या, तंत्र सुधारलं. झोप आता सलग सात तास नाही, पण पहिल्यासारखी तुकड्या-तुकड्यांचीही नाही.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर सकाळच्या डोकेदुखीची वेळ लिहून ठेवा: कधी सुरू, कधी उतार. दिवसा पेंग येते का, बोलणं असंबद्ध होतं का, तेही लिहा. आणि माणूस हाकेला नीट उठत नसेल तर आकड्यावर जाऊ नका, ऑक्सिजन मनाने वाढवू नका. 108 ला फोन करा, आणि निघताना तो औषधांचा डबा सबंध बरोबर न्या. दुसऱ्याच्या नावाची पट्टी असली तरी.