चहाचा मळा आणि कराराचा कागद

(रत्नागिरीतील एका वाचनालयाच्या पावसाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

सभ्य श्रोतेहो, आपल्याकडे सर्दी-पडसे झाले की परसातली गवती चहाची पात आणि आल्याचा तुकडा पाण्यात उकळून देतात. त्या गवताचा खऱ्या चहाशी वनस्पतिशास्त्रीय संबंध काहीच नाही. मात्र खरा चहाही एके काळी आपल्या या किनाऱ्यावर काढ्यासारखाच घेतला जात असे. 1638 साली सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने लिहून ठेवले आहे की येथील डच आणि इंग्रज पोट साफ राहावे म्हणून रोज चहा घेतात. त्यानंतर अर्ध्या शतकाने, 1689 मध्ये, ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेला आला, तेव्हा डोकेदुखी, मूतखडा आणि पोटातली कळ यांवर गरम मसाला घालून उकळलेला चहा गुणकारी समजला जातो, असे त्याला आढळले. हे पान अर्थातच चीनमधून जहाजाने येई.

त्या वेळच्या चीनमध्ये चहा पिकवला जाई तो आजच्या अर्थाने मळ्यात नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे, कारण आसामचे चहाचे मळे आणि तिथल्या मजुरांचे करार या आजच्या माझ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. शेतकऱ्याच्या भाताबरोबर डोंगरउतारावर थोडी झुडपे असत. घरची माणसे वर्षातून काही वेळा पाने खुडत, भाजून वाळवत आणि तो कच्चा माल फिरत्या व्यापाऱ्यास विकत. पुढची निवड, भरणी आणि कॅन्टन बंदरापर्यंतची वाहतूक व्यापारी करीत. थोडक्यात, जगाला चहा पुरवणारा हा उद्योग घरोघरच्या छोट्या शेतीवर उभा होता आणि तो चांगला चालत होता. त्यामुळे चहाला प्रचंड मळे लागतातच, हे विधान इतिहासात टिकत नाही.

ईस्ट इंडिया कंपनीची अडचण वेगळी होती. चिनी व्यापाऱ्यांना चहाच्या बदल्यात मुख्यतः चांदी हवी होती. तिची भरपाई कंपनीने हिंदुस्थानातील अफूने केली, आणि माळव्याची अफू मुंबई व दमण येथूनही चीनकडे जाऊ लागली. 1833 च्या सनदेने चीनच्या व्यापारावरील कंपनीची मक्तेदारी संपली, तेव्हा स्वतःच्या मुलखातच चहा पिकवण्याची निकड वाढली. 1834 मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंकने त्यासाठी समिती नेमली. मौज अशी की ज्या झाडासाठी समितीने चीनमधून बी आणवले, ते झाड आसामच्या जंगलात आधीच उभे होते. तेथील सिंगफो लोक त्याची पाने वापरत असत आणि 1823 मध्येच त्यांच्या बिसा गाम या प्रमुखाने ती रॉबर्ट ब्रूस या व्यापाऱ्यास दाखवली होती. शोध लावणारा म्हणून नाव मात्र ब्रूसचेच झाले. आसामच्या रानटी चहाला मोठी, रुंद पाने येतात आणि उष्ण-दमट हवा त्याला मानवते. चिनी जात लहान पानांची व थंडी सोसणारी. आसामच्या सखल भागात शेवटी देशी जातीचेच पारडे जड ठरले. तिथला चहा 1838 मध्ये लंडनला रवाना झाला, 10 जानेवारी 1839 रोजी त्याचा लिलाव झाला आणि त्याच वर्षी आसाम कंपनी स्थापन झाली.

आता प्रश्न जमिनीचा. 1838 च्या पडीक जमिनींच्या नियमांनुसार शंभर एकरांपेक्षा कमी जमीन देण्याची सोय नव्हती, आणि 1854 मध्ये ही किमान मर्यादा पाचशे एकरांवर नेली. जमिनीवरचा सारा सुरुवातीची अनेक वर्षे माफ किंवा नाममात्र. ज्याच्याजवळ भांडवल आहे त्यालाच चहा लावता यावा, याची ही तजवीज होती. आसामी रयत भातशेतीवर पूर्ण सारा भरत असताना शेजारचा गोरा मळेवाला जवळजवळ फुकट जमीन धरून होता. त्यातून एखादा स्थानिक माणूस पुढे आलाच, तर त्याचे काय होते ते मणिराम दिवाण यांच्या चरित्रात दिसते. ते आसाम कंपनीचे दिवाण होते. नोकरी सोडून त्यांनी जोरहाटजवळ सिन्नामारा येथे स्वतःचा मळा उभारला. 1857 च्या उठावात सामील असल्याच्या आरोपावरून 26 फेब्रुवारी 1858 रोजी त्यांना फाशी देण्यात आली.

जमीन मिळाली, तरी ती कसायला माणसे कुठून आणायची? चहाच्या हंगामात झुडपाला सतत नवे कोंब फुटतात. दर आठ-दहा दिवसांनी ‘दोन पाने आणि कळी’ खुडली नाही, तर पान जून होते. खुडलेले पान ढिगात पडले की तापते आणि बिघडते, म्हणून ते लगोलग कारखान्यात नेऊन सुकवणे, मळणे, हवा लागून काळवंडू देणे आणि शेवटी भाजणे हे सारे ओळीने उरकावे लागते. आपला आंबा दोन महिने धावपळ करायला लावतो आणि मग सोडतो. चहा सोडत नाही. शिवाय बर्मी आक्रमणांनी वरचा आसाम ओस पडला होता आणि जे उरले होते त्यांची स्वतःची शेती होती. मळेवाल्यांनी मजुरी वाढवून माणसे ओढण्याऐवजी छोटा नागपूरच्या पठारावरून मुंडा, उरांव आणि संथाळ आणवले. त्यांना फूस लावून आणणाऱ्या दलालांस ‘अरकाटी’ म्हणत. डेपोत कोंडून, खच्चून भरलेल्या आगबोटींतून ब्रह्मपुत्रेने वर नेताना पटकी पसरे. 1863 ते 1866 या तीन वर्षांत सुमारे पंच्याऐंशी हजार मजूर आसामात उतरले. त्यांतले सुमारे तीस हजार जून 1866 पर्यंत मरण पावले होते.

ही आकडेवारी ऐकताना मला आपल्या गिरणी कामगाराची आठवण होते. तोही बोटीत कोंबलेला, चाळीच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा. पण त्याची खाचरे गावी होती, आणि शिमग्याला नाही तर गणपतीला तो परत येई. काम नकोसे झाले तर गाव होते. चहामजुराला परतीचा रस्ता कायद्यानेच बंद केला होता. 1859 च्या तेराव्या कायद्याने आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणे हा फौजदारी गुन्हा ठरला. 1865 च्या बंगालच्या कायद्याने पुरुषास पाच, बाईस चार आणि मुलास तीन रुपये दरमहा अशी किमान मजुरी ठरवली, कराराची मुदत तीन वर्षे केली, आणि त्याच हाताने पळून गेलेल्या मजुराला वॉरंटशिवाय स्वतः पकडण्याचा अधिकार मळेवाल्याला दिला. मजुराचे संरक्षण आणि त्याची धरपकड एकाच कायद्यात बसवणाऱ्यांच्या हुशारीचे मला आजही नवल वाटते. 1882 मध्ये कराराची मुदत पाच वर्षांपर्यंत वाढली.

या व्यवस्थेचा परिणाम बाजारात दिसला. 1888 पर्यंत ब्रिटनमध्ये हिंदुस्थानी चहाची आवक चिनी चहापेक्षा जास्त झाली. याचे श्रेय यंत्रांना देण्याची पद्धत आहे आणि पान मळण्याच्या, सुकवण्याच्या यंत्रांनी खर्च उतरला हे खरेच. पण यंत्राला पान खुडता येत नव्हते. ते काम बहुतेक बायकांच्या बोटांनी होई, आणि तिथला दर बाजारात ठरत नसून करारात लिहिलेला होता. चीनमधला शेतकरी भाव पडला की झुडपांकडे पाठ फिरवून भाताकडे वळू शके. आसामच्या मजुराला हा पर्याय नव्हता, त्यामुळे भाव उतरले तरी माल वाढत राहिला.

खाजगी अटकेचा हक्क 1908 मध्ये काढून घेण्यात आला आणि करारपद्धती पुढे काही वर्षांत संपली. तोवर मळ्यातल्या ‘लाइनीं’त, म्हणजे मजुरांच्या खोल्यांच्या रांगांत, दुसरी पिढी जन्मली होती. तिच्या नावावर छोटा नागपुरात जमीन नव्हती आणि आसामातही नव्हती. राहायची खोली मळ्याची, म्हणून काम सोडणे म्हणजे घर सोडणे होते.